फोटोतल्या ड्रॉइंगवरून बुश करताना

मांडवी-झुआरीवर फिरणाऱ्या बार्जच्या पंपाचा बुश झिजला की दुरुस्तीची घाई असते. अशा वेळी ड्रॉइंगचा कागद वर्कशॉपपर्यंत येत नाही, मोबाइलवर त्याचा फोटो येतो. कुंडई किंवा वेर्ण्याच्या एखाद्या शेडमध्ये आयटीआयहून नुकताच आलेला शिकाऊ मुलगा तो फोटो बोटांनी मोठा करून लेथवर उभा राहतो. फोटोतला एकच भाग, गनमेटलचा फ्लँजवाला बुश, त्याने कसा वाचावा ते पाहू.

बुश म्हणजे जाड भिंतीची नळी. ती पंपाच्या हाउसिंगमध्ये दाबून बसवतात आणि तिच्या भोकात, म्हणजे बोअरमध्ये, शाफ्ट फिरतो. आपल्या बुशाचा बाहेरचा व्यास ४०, बोअर २५, एकूण लांबी ४५ आणि एका टोकाला ८ जाडीची फ्लँज आहे. सगळी मापे मिलिमीटरमध्ये. आत, लांबीच्या साधारण मध्यावर, तेलासाठी गोल खाच आहे आणि वरून तेलाचे भोक त्या खाचेत उतरते.

फोटोवर पट्टी किंवा व्हर्नियर लावून माप कधीच काढू नये. कॅमेरा थोडा तिरका धरला तरी कागदाची एक बाजू लहान दिसते. कागदावरही चित्र मोजायचे नसते, आकडा वाचायचा असतो. आकडा वाचण्याआधी उजवा खालचा कोपरा फोटोत आला आहे का, ते पाहावे. तिथल्या टायटल ब्लॉकमध्ये धातू, एकक, सुधारणेचा क्रमांक आणि टॉलरन्स न लिहिलेल्या मापांना कोणती सूट चालते, हे सगळे असते. तिथे ISO 2768-m लिहिले असेल, तर ४५ ला ०.३ कमी-जास्त आणि ८ ला ०.२ कमी-जास्त चालते. कोपरा कापलेला असेल तर पूर्ण पानाचा फोटो पुन्हा मागवावा. तो साध्या फोटोऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावा, म्हणजे बारीक रेषा मोडत नाहीत.

धूसर आकडा अंदाजाने ठरवू नये, हिशेबाने पडताळावा. समजा, फ्लँजची जाडी ८ आहे की ६ ते कळत नाही. बाजूला कंसात (३७) दिसते, ती फ्लँज सोडून उरलेली लांबी. ४५ मधून ३७ गेले की ८ राहतात, म्हणजे आकडा ८. कंसातले माप असे ताळ्यासाठीच असते, त्यावर जॉब पास-नापास करत नाहीत. त्याला कारण आहे: ४५ आणि ८ दोन्ही आपापल्या सुटीत बसले, तरी उरलेल्या ३७ मध्ये ०.५ पर्यंत फरक पडू शकतो. तेच खाचेच्या व्यासाचे. तो २३, २८ की ३८? खाच बोअरच्या बाहेर कोरलेली, म्हणून २५ पेक्षा लहान असूच शकत नाही. ३८ धरला तर ४० च्या बुशात भिंत जेमतेम १ मिलिमीटर उरेल. त्यामुळे २८ हाच आकडा जुळतो. तरीही आकडा पाठवणाऱ्याला विचारून घ्यावाच. हिशेबामुळे नेमके काय विचारायचे ते कळते.

ही खाच बाहेरून दिसत नाही, म्हणून ड्रॉइंगमध्ये सेक्शन काढलेला असतो. नारळ उभा फोडल्यावर करवंटी आणि खोबऱ्याची जाडी दिसते, तसा हा बुश अक्षातून कापला असे समजून आतले दाखवतात. जिथे धातू कापला गेला तिथे तिरक्या बारीक रेषा, म्हणजे हॅचिंग. कोरी जागा म्हणजे पोकळी. गोल भागात वरखाली सारखेच असल्याने बहुधा हाफ सेक्शन देतात: मधल्या रेषेच्या वर कापलेला भाग, खाली बाहेरचे रूप. बुश खरोखर तसा अर्धा कापायचा नाही, एवढे शिकाऊ मुलाला आधीच सांगितलेले बरे.

हाफ सेक्शनमध्ये चूक ठरलेल्या जागी होते. खाचेचा व्यास फक्त वरच्या अर्ध्यात दिसतो, म्हणून ⌀28 च्या मापरेषेला एकाच टोकाला बाण असतो आणि दुसरे टोक मधली रेषा ओलांडून तसेच सुटते. ते पाहून मुलगा २८ ला त्रिज्या समजतो. आकड्याआधी ⌀ असेल तर बाण एक असो वा दोन, माप व्यासाचेच. मग खाच किती खोल? २८ वजा २५ म्हणजे ३, पण हे ३ व्यासावरचे. एका बाजूला खोली १.५. क्रॉस स्लाइडची डायल व्यासावर कापते की त्रिज्येवर, हे न पाहता ३ आत घातले आणि डायल त्रिज्येवरची निघाली, तर खाच ३१ ची होते.

खाचेचे अंतर २० दिले आहे. पण कुठून? फोटोत मापाची बारीक रेषा पुसट झाली तर फ्लँजच्या बाहेरच्या तोंडापासून, असा समज होतो. बुश हाउसिंगवर टेकतो तो फ्लँजच्या आतल्या खांद्यावर, आणि हाउसिंगमधली तेलाची वाट त्या खांद्यापासूनच ठरते. बाहेरून मोजले तर तेलाचे भोक ८ मिलिमीटर सरकेल आणि हाउसिंगच्या भिंतीने बंद होईल. बाकी सगळे अचूक असूनही बुश कोरडा चालेल.

आता टॉलरन्स. बोअरवर H7 आणि बाहेरच्या व्यासावर p6 आहे. मोठे अक्षर भोकासाठी, लहान अक्षर शाफ्टसारख्या बाहेरच्या मापासाठी. २५ ला H7 म्हणजे २५.००० ते २५.०२१. ४० ला p6 म्हणजे ४०.०२६ ते ४०.०४२. फोटोत +०.०२१ मधले एक शून्य उडून +०.२१ दिसले, तर शेजारचे H7 तक्त्यात पाहिले की चूक लगेच पकडता येते.

p6 ची सूट १६ मायक्रॉनची, तर नेहमीचा व्हर्नियर २० मायक्रॉनची एक पायरी दाखवतो. म्हणून इथे ०.००१ वाचणारा मायक्रोमीटर लागतो, आणि जॉब थंड व्हावा लागतो. कट मारल्यावर बुश २० अंशांनी गरम असेल तर ४० चा व्यास सुमारे १४ मायक्रॉन फुगलेला असतो. गरम असताना ४०.०३८ दिसलेला बुश थंड झाल्यावर ४०.०२४ भरतो, म्हणजे हातातून गेला.

हाउसिंगचे भोक ४०.००० ते ४०.०२५ आहे. बुश त्याहून मोठा, म्हणून तो दाबूनच जातो आणि बाहेरून आवळला की बोअरही आत येतो. समजा, लेथवर बोअर नेमका २५.००० केला आणि दाबल्यावर तो २५ मायक्रॉन आवळला, तर २४.९७५ उरला. शाफ्टवर f7 आहे, म्हणजे २४.९५९ ते २४.९८०. जाड बाजूचा शाफ्ट त्यात शिरणारच नाही. प्रत्येक माप ड्रॉइंगप्रमाणे असूनही पंप फिरत नाही.

याचे उत्तर बहुधा फोटोत कापल्या गेलेल्या कोपऱ्यातच असते: ‘प्रेस केल्यावर बोअर रीम करणे.’ अशी सूचना असेल तर H7 हे बसवल्यानंतरचे माप. लेथवर बोअर २४.८ च्या आसपास ठेवायचा, बुश हाउसिंगमध्ये सरळ दाबायचा आणि मग २५ H7 चा रीमर फिरवायचा. सूचना दिसत नसेल तर बोअरचा शेवटचा कट मारण्याआधी फोन करायचा, कारण बोअरमध्ये धातू शिल्लक असेपर्यंतच हा प्रश्न सुटतो.