थकबाकीचे मागणीपत्र (कोकण किनारा)

उधारीवर माल देणाऱ्या दुकानदाराने मुदत उलटल्यावर गिऱ्हाइकाला सौम्य शब्दांत धाडलेले, बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि व्याजाची अट नमूद करणारे पत्र. बोलीत त्याला ‘तगाद्याचे पत्र’ किंवा नुसते ‘बाकीचे पत्र’ म्हणतात. वकिलामार्फत जाणारी नोटीस वेगळी. हे पत्र तिच्या आधीचे असते आणि त्यावर दुकानदाराची स्वतःची सही असते. प्रस्तुत नोंदीत रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या किनारपट्टीवरील, विशेषतः बंदरालगतच्या रंग व बोटसाहित्याच्या दुकानांतील, पत्राचा विचार केला आहे.

तगादा हा शब्द अरबी ‘तकाजा’वरून फारसीमार्गे मराठीत आला, याबद्दल दुमत नाही. बाकी आणि वसूल हेही त्याच वाटेने आलेले शब्द. पत्राची घडण मात्र कोठून आली यावर दोन मते संभवतात. एका मताप्रमाणे ती मराठीतील जुन्या लेखनप्रशस्तीची, म्हणजे मेस्तकांची, देणगी आहे. मेस्तके हेमाद्रीच्या नावावर सांगितली जातात, पण उपलब्ध पोथ्यांतील मजकूर बराच नंतरचा असावा. ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ हा मायना आणि ‘कळावे, लोभ असावा’ ही अखेर त्याच परंपरेत बसतात. दुसऱ्या मताप्रमाणे मागणीपत्र हे कंपनी सरकारच्या काळातील कायद्याचे अपत्य होय. 1839 च्या व्याजविषयक अधिनियमाने असे ठरवले होते की, लेखी दस्तऐवजाने देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर लेखी मागणी केल्यापासूनच व्याज मिळू शकेल. आणि त्या मागणीत ‘येथून पुढे व्याज मागितले जाईल’ अशी सूचना असली पाहिजे. 1978 च्या व्याज अधिनियमाच्या कलम 3 मध्ये हाच विचार थोड्या फरकाने पुढे चालू राहिला. दोन्ही मते एकमेकांना छेद देत नाहीत. मायना आणि अखेर जुनी, मधले व्याजाचे वाक्य कायद्यातून आलेले, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. कारण हे वाक्य वगळले तरी पत्र सौजन्यात उणे होत नाही, पण ज्या व्यवहारात मुदत लेखी ठरलेली नाही तेथे आधीच्या दिवसांच्या व्याजाचा दावा लंगडा पडतो.

व्याजासंबंधी आणखी एक जुना नियम येथे सांगितला पाहिजे, तो दामदुपटीचा. व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक घेता येत नाही, हे तत्त्व मनुस्मृतीत (8.151) आढळते आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी ते हिंदू ऋणकोच्या बाबतीत चालवले. किनाऱ्यावरील बोटमालकांत मुसलमान कुटुंबे पुष्कळ असल्याने हा नियम सरसकट लागू होत नसे. दुकानदाराच्या पत्रात मात्र त्याचा प्रश्न सहसा उद्‌भवत नाही. दरसाल दरशेकडा 12 दराने व्याज मुद्दलाइतके व्हायला आठ वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांतच मुदतबाह्य होतो.

किनाऱ्यावरील उधारीचे वेळापत्रक समुद्र ठरवतो. महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते. या दिवसांत नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, त्यांची डागडुजी व रंगकाम होते. रंग, प्रायमर, खिळे-बोल्ट, दोर हा सारा माल तेव्हाच उचलला जातो आणि बोटमालकाच्या हाती तेव्हाच पैसा नसतो. म्हणून आषाढात माल आणि हंगाम सुरू झाल्यावर पैसे, अशी मुदत घातली जाते. आंबा बागायतदाराची गोष्ट उलट. त्याचा पैसा वाशीच्या बाजारातील दलालाकडून विक्रीच्या हिशेबाची ‘पट्टी’ आल्यावर, म्हणजे एप्रिल-मेनंतर येतो. हे ध्यानात न घेता लिहिलेल्या पत्रातली मुदत कागदावरच राहते.

पत्राचा नमुना म्हणून पुढील काल्पनिक उदाहरण घेता येईल. हर्णै बंदरालगतच्या एका दुकानाने 22 जुलै 2024 रोजी एका बोटमालकाला रंग व साहित्य दिले. करपात्र मूल्य 55,000 रुपये, केंद्र व राज्य वस्तू व सेवा कर प्रत्येकी 9 टक्क्यांनी 4,950 रुपये, एकूण 64,900 रुपये. मुदत 60 दिवसांची, म्हणजे 20 सप्टेंबर 2024 पर्यंत. व्याजाचा दर दरसाल दरशेकडा 12, आणि मुदतीसह ही अट असलेल्या बिलाच्या स्थळप्रतीवर गिऱ्हाइकाची सही. 5 नोव्हेंबरला 20,000 रुपये मोबाइलवरून आले, नंतर काहीच नाही. 15 जानेवारी 2025 चे पत्र साधारण असे असेल :

“सप्रेम नमस्कार वि. वि. आपल्या नावे आमचे बिल क्र. 118/2024-25, दि. 22-7-2024, रक्कम रु. 64,900. मुदत दि. 20-9-2024 रोजी संपली. दि. 5-11-2024 रोजी आपण रु. 20,000 पाठवले ते मुद्दलात जमा केले आहेत. मुद्दल बाकी रु. 44,900. बिलावरील अटीप्रमाणे आजअखेर व्याज रु. 2,029.58. एकूण रु. 46,929.58 दि. 31-1-2025 पर्यंत पाठवावे ही विनंती. तोपर्यंत रक्कम न आल्यास पुढील दिवसांचे व्याजही त्याच दराने धरावे लागेल. हिशेबात फरक वाटल्यास आपली वही घेऊन दुकानी यावे. हंगामाची ओढ आम्हांस ठाऊक आहे. हप्ते पाडून हवे असल्यास तसे लिहून कळवावे. कळावे, लोभ असावा.”

व्याजाचा हिशेब दोन टप्प्यांत होतो. मुदत संपल्यापासून 5 नोव्हेंबरपर्यंत 46 दिवस पूर्ण 64,900 वर : 981 रुपये 50 पैसे. तेथून 15 जानेवारीपर्यंत 71 दिवस 44,900 वर : 1,048 रुपये 8 पैसे. पुष्कळ पत्रांत सगळे 117 दिवस पूर्ण बिलावर धरलेले दिसतात; ती चूक गिऱ्हाईक पहिल्याच नजरेत पकडते आणि मग उरलेल्या पत्रावरचाही विश्वास जातो. आलेली रक्कम आधी व्याजात जमा करावी की मुद्दलात, हा वादाचा विषय आहे. वेगळे ठरलेले नसेल तर आधी व्याज, मग मुद्दल, हा सर्वसाधारण कायदेशीर दंडक. त्याप्रमाणे येथे एकूण येणे 46,952 रुपये 49 पैसे होते. म्हणजे फरक 23 रुपयांहूनही कमी. एवढ्यासाठी सौजन्य सोडू नये असेच दुकानदार मानतात, आणि ते बरोबरही आहे. मात्र कोणती रीत घेतली ते पत्रात लिहिले पाहिजे.

दर लिहिताना ‘दोन टक्के’ एवढेच लिहिणे धोक्याचे. बाजारात टक्का म्हटला की महिन्याचा, बँकेत म्हटला की वर्षाचा. म्हणून ‘द.सा.द.शे.’ ही जुनी संज्ञा अजून टिकून आहे. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली, पण गिऱ्हाइकाची सही नसलेली व्याजाची अट त्याच्यावर बंधनकारक ठरते का, यावर एकच उत्तर नाही. अनेक बिले त्याच अटीसह विनातक्रार स्वीकारली गेली असतील तर मान्यता गृहीत धरण्याकडे कल दिसतो. एकुलत्या बिलावर विसंबणे कच्चे. अट सिद्ध न झाल्यास न्यायालय व्याज अधिनियमाच्या कलम 3 नुसार प्रचलित दराच्या मर्यादेतच व्याज देते, आणि त्या कलमाखाली व्याजावर व्याज मिळत नाही.

अलीकडे काही पत्रांत सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 चा हवाला देऊन रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज मागितलेले आढळते. कलम 16 मध्ये तशी तरतूद आहे, पण ती उत्पादक व सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघू पुरवठादारांसाठी. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना जुलै 2021 मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरतीच. बंदरावरचा बर्फाचा कारखाना ही मागणी करू शकेल; तयार रंग विकणारा दुकानदार नाही. तसेच 180 दिवसांत बिल न भागवल्यास खरेदीदाराला घेतलेली करवजावट परत करावी लागते, हा मुद्दा करवजावट घेणाऱ्या व्यापारी गिऱ्हाइकाला लिहिताना उपयोगी पडतो (वरील बिलाचे 180 दिवस 18 जानेवारीला भरतात). ताज्या मासळीवर कर नसल्याने बहुतेक बोटमालकांना करवजावटीशी कर्तव्य नसते. त्यांना लिहिलेल्या पत्रात हे वाक्य केवळ भीती दाखवण्यासाठी घातल्यासारखे दिसते. दुकानदाराने हेही विसरू नये की वसूल झालेले विलंबव्याज मालाच्या मूल्यात धरले जाते आणि ते हाती येईल तेव्हा त्यावरही कर देय होतो.

पत्राविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज मुदतीचा आहे. दर सहा महिन्यांनी पत्र धाडले की दाव्याची मुदत वाढत जाते, असे दुकानदार समजतात. तसे होत नाही. 1963 च्या मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद 15 प्रमाणे उधारीची मुदत संपल्यापासून, येथे 20 सप्टेंबर 2024 पासून, तीन वर्षे मिळतात. दुकानदाराने कितीही पत्रे लिहिली तरी ती तेवढीच राहतात. नवी तीन वर्षे मिळतात ती ऋणकोने मुदतीच्या आत सही करून बाकी मान्य केल्यास (कलम 18), किंवा अंशतः रक्कम देऊन ती दिल्याची नोंद स्वतःच्या हस्ताक्षरात वा सहीने केल्यास (कलम 19). मोबाइलवरून आलेल्या 20,000 रुपयांबरोबर अशी सही येत नाही. म्हणून जाणता दुकानदार पत्राची दुसरी प्रत जोडतो आणि तिच्या तळाशी ‘दि. 15-1-2025 अखेर मुद्दल बाकी रु. 44,900 मान्य’ असे लिहून सहीसाठी जागा सोडतो. व्याजाचा आकडा त्या ओळीत मुद्दाम घालत नाहीत. मुद्दलाला हो म्हणणारा माणूस व्याज पाहून पेन खाली ठेवतो. नुसत्या खतावणीतील नोंदीने जबाबदारी सिद्ध होत नाही. तिला स्थळप्रत, माल पोचल्याची सही असा आधार लागतो, त्यामुळे या प्रतीचे मोल वाढते.

न वटलेल्या धनादेशाला हे पत्र लागू नाही. धनादेश परत आल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खालील नोटीस जावी लागते, आणि मग देणाऱ्याला 15 दिवस मिळतात. सौम्य पत्राचे उत्तर येण्याची वाट पाहण्यात हे 30 दिवस निघून गेले तर तो मार्ग त्या सादरीकरणापुरता बंद होतो. उलट साध्या थकबाकीच्या पत्रात फौजदारीची धमकी घालणे निरर्थक होय. उधारी न फेडणे हा स्वतःहून गुन्हा नाही.

पत्र पोचते करण्याच्या रीती बदलल्या आहेत. पोचपावतीसह टपाल अजून चालते. त्याच्या जोडीला पत्राचे व बिलाचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवले जाते. बोट समुद्रात असल्यास कागद घरच्यांच्या हाती पडतो. तांडेल किंवा खलाशाच्या हाती पत्र देणे टाळतात : मालकाची बाकी बंदरभर होते, आणि मग तो पुढचा रंग दुसऱ्या दुकानातून नेतो.