जाहीर सूचना मराठीत आणि इंग्रजीत देताय? छापायला देण्याआधी दोन्ही मजकूर असे जुळवा

इकडे वावर विकत घेणारा हल्ली बऱ्याचदा नागपूरचा, पुण्याचा, नाहीतर एखादी कंपनी असते. त्यांचा वकील सांगतो, ‘जाहीर सूचना दोन पेपरांत द्या, एक मराठी, एक इंग्रजी.’ बँकेने थकीत कर्जापोटी तारण मालमत्तेचा ताबा घेतला, तर २००२ च्या नियमांनुसार तिलाही दोन प्रमुख वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते, आणि त्यातलं एक त्या भागातल्या भाषेचं असावं लागतं. असे मजकूर टाइप करून, भाषांतर करून पेपरकडे पाठवणं हे आमचं रोजचं काम आहे. या पत्रकात फक्त एकाच प्रकारची सूचना घेतली आहे, शेतजमीन विकत घेण्याआधी कोणाची हरकत आहे का ते विचारणारी. कारण चुका सर्वांत जास्त तिथेच होतात आणि त्या निस्तरायला ग्राहकालाच दोनदा पैसे मोजावे लागतात.

आधी एक गैरसमज दूर करू. मराठी मजकूर आणि इंग्रजी मजकूर एकमेकांशी जुळला म्हणजे सूचना बरोबर झाली, असं नाही. मराठीत चूक असेल तर भाषांतरात तीच चूक नीटनेटकी उतरते. म्हणून आम्ही टेबलावर तीन कागद ठेवतो. मधे ताजा सात-बारा, डावीकडे मराठी सूचना, उजवीकडे इंग्रजी. दोन्ही बाजू मधल्या कागदाशी ताडायच्या, एकमेकींशी नव्हे.

मागे आमच्याकडे आलेल्या एका सूचनेत काय काय निघालं ते पाहा. गावाचं आणि माणसांचं नाव सांगत नाही, गट क्रमांकही बदलले आहेत. मराठी मजकूर वकिलांच्या कारकुनाने लिहिलेला, इंग्रजी दुसऱ्याच कोणीतरी केलेला. खरेदीदाराचे मुनीम घाईत होते. ‘भाऊ, वकीलसाहेबांनी सही मारली जी, टाका पेपरात.’ आम्ही म्हटलं, चहा घ्या, तेवढ्यात बघून होतं.

गट क्रमांक

सात-बारावर गट क्रमांक होता ११४/२/क. इंग्रजीत तो ११८ झाला होता. मराठी चार दिसायला इंग्रजी आठासारखा आणि मराठी एक इंग्रजी नवासारखा, त्यामुळे इंग्रजी आकड्यांचीच सवय असलेल्या मुलाचं बोट नकळत तिकडे जातं. आता गंमत अशी की गट ११८ त्याच गावात होता आणि तो दुसऱ्याच शेतकऱ्याच्या नावावर होता. सूचना तशीच छापून आली असती तर ‘माझं वावर विकायला काढलं कोणी?’ म्हणत तो माणूस दुसऱ्या दिवशी वकिलाच्या दारात उभा राहिला असता. आणि ११४ वर ज्याचा खरा दावा असेल, त्याने इंग्रजी पेपर वाचूनही त्याला काही कळलं नसतं.

शेवटच्या ‘क’चंही तसंच. पोटहिश्शाची अक्षरं इंग्रजीत करताना अ चा ए आणि ब चा बी सगळेच करतात. पण क आला की कोणी क्रमाने सी लिहितो, तर कोणी उच्चाराने के. आमचा आग्रह सी चा आहे, कारण अ, ब, क हा इथे क्रम आहे. मात्र खरेदीखताच्या इंग्रजी मसुद्यात वकिलांनी के धरलं असेल तर सूचनेतही के च ठेवा. सूचनेत एक आणि खतात दुसरं, असं होऊ देऊ नका.

क्षेत्र

ही चूक सर्वांत महागात पडणारी, आणि दिसायला सर्वांत निरुपद्रवी. सात-बारावर क्षेत्र १.०५ हे.आर. म्हणजे एक हेक्टर पाच आर. इंग्रजी करणाऱ्याला कोणीतरी ते तोंडी सांगितलं, ‘एक हेक्टर पाच,’ आणि त्याने लिहिलं दीड हेक्टर, १.५. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, म्हणून पाच आर हे ०.०५ लिहावे लागतात. मधलं शून्य गळलं की पाचाचे पन्नास आर होतात. फरक ४५ आरचा, म्हणजे एक एकराहून जास्त.

हे पकडायची आमची पद्धत अगदी साधी आहे. हेक्टरला २.४७ ने गुणायचं आणि विकणाऱ्याला विचारायचं. इथे विकणारी बाई होती. ‘मावशी, वावर किती एकर?’ त्या म्हणाल्या, ‘अडीच एकर अन् वर थोडं.’ १.०५ चे होतात सुमारे २.५९ एकर, म्हणजे अडीच एकर आणि पावणेचार गुंठे. जुळलं. इंग्रजीतल्या १.५ चे होतात ३.७१ एकर. तिथेच चूक उघडी पडली. आमचं मत विचाराल तर दोन्ही भाषांत क्षेत्र अंकांतही द्या आणि अक्षरांतही, ‘एक हेक्टर पाच आर’. पेपरात एखादी ओळ वाढली तर वाढू द्या.

नावं

विकणाऱ्या दोन बहिणी आणि त्यांचा लहान भाचा. सात-बारावर भाच्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ आणि त्याच्या आईचं नाव होतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा सज्ञान नाही, त्याच्या वतीने आई आहे. इंग्रजी करणाऱ्याला ही तीन अक्षरं कळली नाहीत. त्याने ती गाळली आणि आईचं नाव चौथी मालक म्हणून लिहून टाकलं. मराठीत मालक तीन, इंग्रजीत चार. शिवाय मालकांपैकी एक अज्ञान आहे, ही वकिलाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी बाब इंग्रजीतून नाहीशी झाली. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, त्याचीही हीच गत होते. अशी आखूड अक्षरं मराठीतही पूर्ण शब्दांत लिहा, म्हणजे भाषांतर करणाऱ्याला अंदाज करावा लागणार नाही.

नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधार किंवा पॅन कार्डावरचंच घ्यावं, मनाने करू नये. सात-बारावर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल, तर ‘ऊर्फ’ लावून दोन्ही नावं दोन्ही भाषांत द्या.

गावाच्या नावापुढचं ‘बु.’ किंवा ‘खु.’ इंग्रजीत बिनदिक्कत टाकून दिलं जातं, आणि बुद्रुक नि खुर्द ही तर दोन वेगळी गावं. आपल्या विदर्भात तालुक्यांचीही हीच तऱ्हा आहे. कारंजा लाड वाशिम जिल्ह्यात, कारंजा घाडगे वर्ध्यात. गोंदिया जिल्ह्यात तर अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी असे दोन तालुके आहेत. नुसतं कारंजा किंवा अर्जुनी लिहून भागत नाही. मौजा, तालुका, जिल्हा, तिन्ही पूर्ण लिहा.

चतुःसीमा

मराठीत आपण पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर या क्रमाने लिहितो. इंग्रजी करणाऱ्याकडे जुना साचा होता आणि त्यात सुरुवात उत्तरेपासून. त्याने मराठीतल्या चार ओळी वरून खाली तशाच भरल्या. त्यामुळे पूर्वेचा धुरा उत्तरेला गेला आणि दक्षिणेची पांदण पूर्वेला आली. शब्द सगळे बरोबर, शेत मात्र फिरलेलं. हे नजरेने लवकर सापडत नाही. आम्ही कोऱ्या कागदावर एक चौकोन काढतो, मराठी वाचून चार बाजू लिहितो, मग दुसरा चौकोन इंग्रजी वाचून. दोन चौकोन शेजारी ठेवले की लगेच दिसतं.

मुदत

मराठीत ‘पंधरा दिवसांच्या आत’, इंग्रजीत चौदा. पुन्हा जुन्या साच्याची कृपा. ते तर दुरुस्त झालं, पण खरी अडचण पुढे होती. मराठी पेपरची जागा गुरुवारी १२ तारखेला मिळाली होती आणि इंग्रजीची शनिवारी १४ ला. ‘सूचना प्रसिद्ध झाल्यापासून १५ दिवस’ म्हटलं, तर मराठी वाचणाऱ्याची मुदत २७ ला संपते आणि इंग्रजी वाचणाऱ्याची २९ ला. २८ ला आलेली हरकत मुदतीत धरायची की नाही? शब्द अचूक जुळूनही मजकूर जुळला नाही, तो असा. उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकदम करावेत. दोन्ही पेपरांत एकाच दिवसाची जागा घ्यावी आणि मजकुरात हरकतीची शेवटची तारीख वारासकट छापावी. वार घातला की तारखेची चूकही पकडली जाते, कॅलेंडरवर बोट ठेवलं की झालं.

हरकत कशाकशाबद्दल असू शकते ती यादीही मोजून घ्या. मराठीत इसारपत्र, गहाण, बोजा, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वारसा, वहिवाट असे सात शब्द असतील तर इंग्रजीतही सातच हवेत. या सूचनेत वहिवाट गळाली होती, आणि त्या वावरातून शेजाऱ्याची बैलगाडीची वाट जात होती.

शेवटचं वाचन

एवढं झाल्यावर आम्ही मजकुरातला प्रत्येक आकडा पेन्सिलने गोल करतो आणि दोन्हीकडचे गोल मोजतो. इकडे तेवीस आणि तिकडे बावीस आले, की एक शोधायचाच. मग दोघं बसतात. एकजण इंग्रजी मजकूर बघत तो मोठ्याने मराठीत सांगतो, दुसरा मूळ मराठीवर बोट फिरवत ऐकतो. ज्याने भाषांतर केलं त्याला या वाचनाला आम्ही बसवत नाही. त्याला कागदावर जे आहे ते दिसत नाही, त्याने जे लिहायचं ठरवलं होतं ते दिसतं.

पेपरकडून प्रूफ आलं की पुन्हा बघावं लागतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना तिरप्या रेघा आणि टिंबं आधी बिघडतात, म्हणजे नेमके आपले ११४/२/क आणि १.०५. जागा कमी पडली म्हणून एखादी ओळ कापली गेली असेल, तर तीच ओळ दुसऱ्या भाषेतूनही काढायची किंवा जागा वाढवून घ्यायची.

येताना तीन महिन्यांच्या आतला सात-बारा, फेरफार, सगळ्या विकणाऱ्यांच्या आधारच्या प्रती आणि वकिलांचा मसुदा आणा. आम्ही मजकूर जुळवून देतो. जमिनीची मालकी निर्वेध आहे की नाही आणि सूचना कायद्याला पुरेशी आहे की नाही, ते तुमचे वकील सांगतील. सात-बारावरच चूक असेल तर ती आधी पटवारी आणि तहसीलमधून दुरुस्त करून आणावी लागेल. इथे टाइप करून ती सुधारत नाही.

छापून आल्यावर दोन्ही पेपरांची पानं तारखेसह पूर्ण ठेवा, नुसती कात्रणं नकोत. दोन्ही पानं घेऊन त्याच दिवशी दुकानात या, सात-बाराशी एकदा पुन्हा ताडून देऊ, त्याचे पैसे नाहीत. चूक निघालीच तर शुद्धिपत्रक दोन्ही भाषांत, दोन्ही पेपरांत द्यायचं, चूक एकाच बाजूला असली तरी. हरकतीची मुदत नव्याने मोजायची का, हे त्याच दिवशी वकिलांना विचारून घ्या.