शेवटच्या वीस मिनिटांत अगरबत्तीचा वास जातो कुठे?

"पाकीट उघडलं की गुलाबाचा वास. पेटवल्यावर पाच मिनिटं मस्त चंदन. पंधरा मिनिटांनी नुसता धूर, डोळे चुरचुरतात. शेवटी तर वासच नाही. सेंट फक्त टोकालेच लावतेत का बाप्पा हे लोकं? दुसऱ्या दिवशी पडद्याले मात्र छान वास होता. तीन स्टार."

नागपुरात महाल भागात राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका काकूंनी जानेवारीत एका अगरबत्तीबद्दल हे लिहिलं. ब्रँडचं नाव इथे सांगायची गरज नाही, कारण त्या दरातल्या बहुतेक अगरबत्त्यांना हे लागू पडेल. मला हे परीक्षण फार आवडलं. 'खूप छान, घर प्रसन्न झालं' असं न लिहिता त्यांनी वेळेसकट निरीक्षणं नोंदवली आहेत, आणि ती सगळी बरोबर आहेत. चूक आहे ती फक्त टोकाला सेंट लावण्याच्या तर्कात.

स्वस्त अगरबत्ती बनते दोन टप्प्यांत. आधी कच्ची बत्ती. बांबूच्या काडीवर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि जिगट, म्हणजे झाडाच्या सालीची चिकट पूड, यांचा लगदा मशीनने चढवतात. वाळल्यावर तिला कसलाच सुगंध नसतो. मग या बत्त्यांचे जुडगे सुगंधी द्रवात बुडवून काढतात. त्या द्रवातही निव्वळ सुगंध थोडाच असतो, बाकी असतो तो सुगंध विरघळवणारा आणि धरून ठेवणारा तेलकट द्रव. अनेक ठिकाणी त्यासाठी डायइथाइल थॅलेट वापरतात, धंद्यात त्याला डीईपी म्हणतात. मसाला बत्तीत सुगंधी पूड आणि डिंक लगद्यातच मळलेले असतात. काकूंची बत्ती बुडवलेल्या प्रकारातली होती.

आता ती पेटवली आणि ज्योत विझवली की उरतो लाल निखारा. त्याचं तापमान साधारण ५०० ते ७०० अंश सेल्सिअस असतं. चंदनाचा किंवा गुलाबाचा रेणू या तापमानाला सापडला तर त्याचा सुगंध शिल्लक राहत नाही, तो तुटतो किंवा जळतो. म्हणजे आपल्याला येणारा वास निखाऱ्यातून येत नाही. तो येतो निखाऱ्याच्या खालच्या काही मिलिमीटरमधून. तिथे बत्ती अजून पेटलेली नसते, पण शे-दोनशे अंशांपर्यंत तापलेली असते, आणि सुगंधी तेलं न जळता नुसती वाफ होऊन बाहेर पडतात. निखारा खाली सरकतो तसा हा तापलेला पट्टाही खाली सरकतो. अत्तराच्या भट्टीत आच एका जागी असते आणि माल वरून घालतात, इथे माल जागच्या जागी राहतो आणि आच पुढे जाते, एवढाच फरक.

काकूंच्या पहिल्या वाक्याचं उत्तर यातच आहे. गुलाबाच्या वासासाठी सर्रास वापरलं जाणारं फिनाइल इथाइल अल्कोहोल सुमारे २२० अंशांना उकळतं, तर चंदनाच्या वासाचे रेणू ३०० अंशांच्या आसपास. खोलीच्या तापमानाला दोन्ही उकळत नाहीत, पण हळूहळू उडत असतात, आणि गुलाबाचा रेणू चंदनाच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी जास्त उडतो. म्हणून थंड पाकिटात नाकाशी येतो तो मुख्यतः गुलाब. पेटवल्यावर मात्र त्या तापलेल्या पट्ट्यात दोघांचीही वाफ होते, मागे राहिलेलं चंदन पुढे येतं आणि वास बदलल्यासारखा वाटतो. (हे चंदन बहुधा कारखान्यात बनवलेलं असतं. चंदन तेलाचा भाव पाहता त्या किमतीच्या पाकिटात ते असण्याची शक्यता फार कमी.) दुकानात पाकीट हुंगून अगरबत्ती निवडणारा माणूस खरं तर न पेटलेल्या बत्तीचा वास विकत घेत असतो.

यानंतरचा मुद्दा जरा निवांत समजून घेण्यासारखा आहे. अंगाला लावलेल्या अत्तरात हलके रेणू आधी उडतात, जड मागे राहतात, म्हणून तासाभराने अत्तराचा वास खरोखर बदलतो. अगरबत्तीत तसं होत नाही. आठ इंची बत्तीचा लगदा लावलेला भाग साधारण १६ सेंटीमीटर असतो आणि तो ४० मिनिटं चालला, तर निखारा मिनिटाला ४ मिलिमीटर सरकतो. दर मिनिटाला नवे ४ मिलिमीटर तापतात आणि त्यांच्यातले हलके-जड सगळे रेणू एकदमच बाहेर येतात. पुढच्या मिनिटाला पुन्हा तेच. सेंट सगळीकडे सारखा लागलेला असेल, तर सुरुवातीची एक-दोन मिनिटं सोडून बत्तीतून बाहेर पडणारा वास पंचविसाव्या मिनिटालाही पाचव्या मिनिटासारखाच असायला हवा.

सेंट सारखा लागला आहे का, हे तपासणं सोपं आहे. काकूंना सांगितलं की एक काडी मधोमध मोडा, वरचा तुकडा बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी, खोली हवेशीर करून, खालचा अर्धा तुकडा मोडलेल्या बाजूने पेटवा. कंपनी खरंच टोकालाच सेंट लावत असेल, तर या तुकड्याला सुरुवातीपासूनच वास नको. तुकडा पेटला आणि पुन्हा 'पाच मिनिटं मस्त चंदन' आलं. मग अख्खी काडी लावून पंचविसाव्या मिनिटाला, जेव्हा काकूंना वास येईनासा झाला, तेव्हा बाहेर अंगणात बसलेल्या सुनेला आत बोलावलं. ती दारातूनच म्हणाली, "आई, किती जोराचा वास भरला हो!"

वास तिथेच होता, काकूंचं नाक त्याला सरावलं होतं. एकच वास सतत येत राहिला की नाकातल्या ग्राही पेशींचा प्रतिसाद काही मिनिटांतच मंदावतो आणि मेंदूही तो संदेश बाजूला सारतो. नवा वास आला तर तो लगेच कळतो, जुना कळत नाही. काही मिनिटं मोकळ्या हवेत जाऊन आलं की नाक पुन्हा ताळ्यावर येतं. म्हणून पेटवल्यापासून खोलीतच बसून राहिलेल्या माणसाने शेवटच्या दहा मिनिटांतल्या वासाबद्दल दिलेल्या मतावर मी फारसा विश्वास ठेवत नाही, मग तो कितीही प्रामाणिक असो.

पण मग धूर का वाढला? वासाला सरावलेला माणूस धुरालाही सरावायला नको का? इथे शरीरात दोन वेगळ्या वाटा आहेत. सुगंध कळतो तो गंधाच्या चेतातंतूंमधून. चुरचुर, ठसका, डोळ्यांत पाणी हे कळतं ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्या चेतेतून, जी कांदा आणि मिरचीचीही खबर देते. लाकूड आणि बांबू धुमसताना फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन यांसारखे झोंबणारे वायू तयार होतात आणि ते या चेतेला डिवचतात. ही वाट वासाइतकी पटकन सरावत नाही, उलट काही काळ चुरचुर वाढतच जाते. सुगंधाची जाणीव खाली येत असते, झोंबण्याची वर जात असते, आणि पंधराव्या मिनिटाच्या आसपास दोन्हींची अदलाबदल होते. काकूंचं 'नुसता धूर' हे या अदलाबदलीचं नेमकं वर्णन आहे.

शिवाय खोलीतला धूर खरोखरच वाढत असतो. काकूंची देवाची खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. अगरबत्तीचा एक ग्रॅम ऐवज जळताना सुमारे ४५ मिलिग्रॅम बारीक कण निघतात, असं एका मोजणीत आढळलं आहे. बत्तीगणिक हा आकडा बदलतो, पण तोच धरू. जानेवारीच्या थंडीत दारं-खिडक्या बंद, एक ग्रॅमची काडी, आणि सगळा धूर आतच राहिला, तर शेवटी दर घनमीटर हवेत सुमारे १३०० मायक्रोग्रॅम कण होतील. दाराच्या फटींमुळे प्रत्यक्षात कमी भरेल. तरी अंदाजासाठी सांगतो, बाहेरच्या हवेतल्या २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी भारतात २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. अर्ध्या तासाची तुलना दिवसभराच्या सरासरीशी काटेकोरपणे करता येत नाही, पण डोळे का चुरचुरले ते यावरून कळावं.

हीच काडी मे महिन्यात लावली असती तर परीक्षण उलटं आलं असतं. नागपूरचा खिडकीतला कूलर तासाला हजाराहून जास्त घनमीटर हवा आत ढकलतो. ३४ घनमीटरची खोली त्यापुढे किती? दर एक-दोन मिनिटांनी हवा बदलते, धूर साचतच नाही, वासही नाही. वर कूलरच्या झोतात निखाऱ्याला जास्त ऑक्सिजन मिळून काडी लवकर संपते. तेव्हा काकूंनी लिहिलं असतं, 'धूर नाही, पण वासही नाही, अन् टिकतही नाही.' एकाच पाकिटाला एकजण 'फार धूर' म्हणतो आणि दुसरा 'अजिबात वास नाही' म्हणतो, तेव्हा दोघांनी महिना आणि कूलर नोंदवला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

पडद्याचं सांगायचं राहिलं. हवेतले जड रेणू कापडावर आणि भिंतीवर चिकटतात. धुराचे झोंबणारे हलके वायू रात्रीतून निघून जातात, चंदनाचे जड रेणू मात्र कापडातून हळूहळू सुटत राहतात. रात्रभरात नाकही ताजं झालेलं असतं. काकूंना सकाळी पडद्याजवळ मिळालेलं चंदन त्या पाकिटातलं सगळ्यात निर्भेळ चंदन होतं.

तर कंपनी निर्दोष का? पूर्ण नाही. सुगंध कमी आणि पातळ करणारा द्रव जास्त असेल, तर त्या द्रवाची वाफ गार होऊन बारीक थेंबांचा पांढुरका धूर होतो आणि सुगंध मात्र तेवढाच राहतो. याचा अंदाज घ्यायला काडी टिपकागदात गुंडाळून रात्रभर ठेवावी. सकाळी कागदावर मोठा तेलकट, पारदर्शक डाग असेल आणि पेटवल्यावर वास बेताचाच असेल, तर धुराची तक्रार रास्त आहे. काकूंच्या काडीने डाग बऱ्यापैकी मोठा पाडला. भुसा आणि बांबूच्या धुराची भर त्यात वेगळी, ती कुठल्याच काडीत चुकत नाही, बिनकाडीच्या धूपात बांबूपुरती टळते.

काकूंनी स्टार तीनच ठेवले, फक्त टोकाच्या सेंटचं वाक्य काढून टाकलं. आता त्या काडी मधोमध मोडतात, एका वेळी अर्धीच लावतात आणि खिडकीचं एक दार उघडं ठेवतात. नाक सरावल्यानंतरची शेवटची वीस मिनिटं त्यांच्या वाट्याला तसाही धूरच यायचा. पाकीटही दुप्पट दिवस चालतं.