टॉन्सिलचा खडा वेगळा, तोंडाचा वास वेगळा, आणि टॉन्सिल काढायच्या आधी एक चमचा घ्या

सकाळी आरशात तोंड उघडून टॉर्च मारला, टॉन्सिलच्या भोकातून पांढरट-पिवळा ज्वारीच्या दाण्याएवढा खडा निघाला, बोटावर चिरडला, वास घेतला आणि ओकारी आली. इथवर ज्याला ज्याला खडे होतात त्याला सगळं माहीत आहे. पुढं तो काय म्हणतो ते ऐकून ऐकून मी थकलो आहे. तो म्हणतो, "सापडलं बे कारण! याच्यामुळंच माझ्या तोंडाचा वास येऊन राहिला, आता टॉन्सिलच काढून टाकतो."

थांब ना बाप्पा. खडा घाण वासाचा आहे हे खरं, तुझ्या तोंडाला वास आहे हेही खरं, पण एकामुळं दुसरं आहे हे अजून ठरलं कुठं?

खडा म्हणजे काय ते पटकन सांगतो. टॉन्सिल गुळगुळीत नसतात, त्यात खोल खाचा असतात. त्यात अन्नाचे कण, मेलेल्या पेशी आणि शेंबूड-लाळेचा चिकटा साचतो, तिथं हवा पोचत नाही म्हणून बिनहवेचे जंतू मजेत राहतात, आणि काही खड्यांत कॅल्शियम बसून ते कडक होतात. टॉन्सिलच्या इन्फेक्शनमधले पांढरे ठिपके म्हणजे खडे नाहीत. ताप असेल, गिळताना जीव जात असेल तर ते इन्फेक्शन, आणि काहीच दुखत नसून नुसतं टोचल्यासारखं वाटत असेल तर बहुधा खडा. एवढा फरक पुरे.

आता खरी गडबड. हे बिनहवेचे जंतू प्रोटीन खाऊन गंधकाचे वायू सोडतात, एक सडक्या अंड्यासारखा, एक सडक्या कोबीसारखा. हेच जंतू, हेच वायू जिभेच्या मागच्या भागावरच्या थरात आणि हिरड्या-दातांमधल्या खोल फटीतही असतात. म्हणजे तिन्ही ठिकाणचा वास जवळपास एकच! म्हणून खडा चिरडल्यावर "हाच तो वास" असं वाटतं, आणि वासावरून जागा ओळखता येत नाही. शिवाय खडा खाचेत दडलेला असतो, त्याच्यावरून हवा फारशी जात नाही, चिरडला की मग दणकून येतो. जीभ मात्र भलीमोठी, खरबरीत, आणि बोलताना सगळी हवा तिच्यावरूनच जाते. जुनाट तोंडाच्या वासाचं कारण बहुतेक वेळा तोंडातच, जिभेवर किंवा हिरड्यांत सापडतं. टॉन्सिलचा वाटा लहान. शून्य नाही, लहान. आणि पोट साफ नसल्यानं वास येतो म्हणून रोज चूर्ण घेणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार, पोटातून वास येणं फार क्वचित असतं, कारण अन्ननलिका एरवी मिटलेली असते.

हातात फुंकून वास घेणं तर बंदच करा, आपल्याच वासाची नाकाला सवय झालेली असते. त्याऐवजी माझ्या आतेभावाचं ऐका. तो मानेवाड्याला राहतो, वय एकतीस, तीन वर्षांपासून खडे, ऑपरेशनची तारीखसुद्धा घेऊन आला होता. मी म्हटलं, आधी पंधरा दिवस वहीत लिही, खडा कधी निघाला आणि वहिनीला वास कधी आला. त्याला बायकोला विचारायची लाज वाटत होती, पण घरातल्या माणसाच्या नाकाइतकं चांगलं मशीन नाही. खडे निघाले दोनदा, तिसऱ्या आणि बाराव्या दिवशी. वास? जवळपास रोज, सकाळी आणि दुपारी चारच्या सुमारास. खडा निघाल्यानंतरच्या दिवशीही तेवढाच. खडा नसताना वास तसाच राहत असेल तर खडा आरोपी कसा होईल?

मग चमचा. स्टीलचा, स्वच्छ. जीभ जितकी मागं पोचेल तिथून हलकेच एकदा खरवडायची, पाच-दहा सेकंद थांबायचं, आणि तो चमचा दुसऱ्याच्या नाकाखाली धरायचा. मग वेगळ्या कापसाच्या काडीनं टॉन्सिलवर हलकेच टेकवून तिचा वास. मग मागच्या दाढांच्या मधून फ्लॉस फिरवून त्याचा वास. आणि शेवटी तोंड बंद ठेवून नाकानं श्वास सोडायचा, नाकातूनच वास येत असेल तर सायनस-नाकाकडं पाहायला हवं. भावाची टॉन्सिलवरची काडी बरी निघाली, चमचा वाईट, आणि खालच्या मागच्या दाढेमधला फ्लॉस इतका भयंकर की वहिनी खोलीबाहेर गेली. डेंटिस्टनं हिरडीची फट मोजली तर सहा मिलिमीटर, निरोगी हिरडीची तीनपर्यंत असते. सुपारी-तंबाखूचा खर्रा त्यानं दोन वर्षांपूर्वी सोडला होता, पण हिरडी आधीच दातापासून सुटली होती. दोन सिटिंगमध्ये मुळापर्यंत सफाई झाली, रोज दातांमधली स्वच्छता आणि रात्री जीभ मागपर्यंत घासणं चालू केलं, दीड महिन्यात वास जवळजवळ गेला. खडे अजून होतातच!

उलट माझी बहीण. तिचा चमचा साफ, हिरड्या साफ, आणि टॉन्सिलची काडी घेतली की नाक फिरवावं लागे. खडे दर दोन-तीन दिवसांनी, गुळण्या करून झाल्या, पाण्याच्या बारीक फवाऱ्यानं धुऊन झालं, तरी सहा महिने तेच. तिनं टॉन्सिल काढले आणि ती सुखी आहे. म्हणजे टॉन्सिल काढल्यानं खडे जातात, यात शंका नाही, कारण खाचाच उरत नाहीत (थोडं टॉन्सिल मागं राहिलं किंवा जिभेच्या बुडाशी असलेल्या टॉन्सिलमध्ये खाचा असल्या तर क्वचित परत होतात). पण जिभेचा आणि हिरडीचा वास त्यानं का जाईल?

आणि मोठ्या माणसाला हे ऑपरेशन गंमत नसते. दहा-पंधरा दिवस घसा पेटलेला, पाणी गिळतानासुद्धा कानात कळ. जखमेवर पांढरी खपली येते, तिचा स्वतःचा वास असा की त्या पंधरवड्यात श्वास आधीपेक्षा वाईट येतो, आणि लोक घाबरून "ऑपरेशन फसलं" म्हणतात. पाचव्या ते दहाव्या दिवसांत खपली सुटते तेव्हा रक्तस्राव होऊ शकतो. थुंकीत रक्ताची रेघ नव्हे, ताजं रक्त आलं की घरी बसायचं नाही, रात्र असली तरी निघायचं. म्हणून हे सोसायचं ते चमचा साफ असेल तेव्हाच, अशी माझी ठाम पसंती. घाई नसेल तर खाचा लेझरनं किंवा रेडिओ लहरींनी सपाट करणं हाही मधला मार्ग आहे, पूर्ण टॉन्सिल न काढता, ईएनटीला त्याबद्दल नक्की विचारा.

घरी खडा काढणाऱ्यांना दोन शब्द. टूथपिक, हेअरपिन, पेनाचं टोपण, हे सगळं मी पाहिलं आहे. टॉन्सिलला भरपूर रक्तपुरवठा असतो, टोचलं की भळाभळा येतं. कोमट मिठाच्या पाण्याच्या जोरदार गुळण्या, मग ओल्या कापसाच्या काडीनं खड्याच्या बाजूला हळू दाब, नाही निघाला तर नाही निघाला, राहू द्या. खडा त्रास देत नसेल तर त्याला काढायलाच पाहिजे असंही नाही. एकच टॉन्सिल मोठं दिसत असेल, एकाच बाजूनं बरेच दिवस दुखत असेल, किंवा मानेत गाठ लागत असेल तर मात्र चमचा-बिमचा सोडा आणि सरळ ईएनटीकडं जा, खर्रा-तंबाखूवाल्यांनी तर दुसऱ्याच दिवशी.