मेलची स्थळप्रत: बीसीसीपासून जर्नलिंगपर्यंत

सरकारी कचेरीत पत्र बाहेर जातं तेव्हा त्याची स्थळप्रत नस्तीत राहते. मूळ पत्रावर जे नसतं तेही या प्रतीवर असू शकतं: कोणाकोणाला प्रती गेल्या, जावक क्रमांक काय, कधी रवाना झालं. टंकलेखन यंत्राच्या काळात ‘ब्लाइंड कार्बन कॉपी’ची नोंदही अशीच मूळ पत्रावर न येता कार्यालयीन प्रतीवर टंकली जायची. मूळ पत्र ज्याच्या हाती पडे त्याला तिचा पत्ता लागत नसे, पण कचेरीत तिचा पुरावा राहत असे.

ईमेलमध्ये हा पुरावा नेमका उलट्या बाजूने सुटला. 1982 च्या मेल-मानकांमध्ये मजकूर आणि लिफाफा वेगळे केले गेले. वाचणाऱ्याला दिसणाऱ्या `To:` आणि `Cc:` या ओळी मजकुराचा भाग आहेत. मेल प्रत्यक्षात कोणाकडे पोचवायची हे सर्व्हर एकमेकांना `RCPT TO` या आज्ञेने सांगतात, तो लिफाफा. `Bcc` मधली नावं फक्त लिफाफ्यावर जातात आणि मजकुरातून काढून टाकली जातात. मेल पोचली की लिफाफा फेकला जातो.

ही फट बरीच वर्षं कोणाला खटकली नाही, कारण मेल जपायची सक्ती मोजक्या धंद्यांनाच होती. अमेरिकेत शेअर दलालांना 17a-4 या नियमाने धंद्यासंबंधीचा पत्रव्यवहार तीन वर्षं जपावा लागे. 1997 साली इलेक्ट्रॉनिक साठवणीला मुभा मिळाली, पण एकदा लिहिलेलं पुसता किंवा बदलता येणार नाही अशाच माध्यमावर. डिसेंबर 2002 मध्ये पाच दलाल कंपन्यांना ईमेल नीट न जपल्याबद्दल प्रत्येकी 16.5 लाख डॉलर दंड झाला. बॅकअपच्या टेपांवर पुन्हा लिहिलं गेलं होतं आणि मागितलेल्या मेल वेळेवर सापडत नव्हत्या. बॅकअप म्हणजे अभिलेख नव्हे, हे धंद्याला तेव्हा कळलं. रात्री दोनला बॅकअप होत असेल, तर सकाळी आलेली आणि दुपारी पुसलेली मेल त्यात कधी येतच नाही.

म्हणून प्रत वाटेतच काढायची, म्हणजे सर्व्हरवरून जाणाऱ्या प्रत्येक मेलची. पोस्टफिक्स या मेल-सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये हे आजही एका ओळीचं काम आहे:

```
always_bcc = abhilekh@company.example
```

ठरावीक माणसांपुरतीच प्रत हवी असेल तर `sender_bcc_maps` आणि `recipient_bcc_maps` आहेत. स्वस्त आणि सोपं असल्याने लहान कंपन्या इथेच थांबतात. पण या प्रतीत काय नसतं ते बघा. समजा खरेदी विभागातून एका पुरवठादाराला दरपत्रक गेलं आणि त्याच मेलच्या `Bcc` मध्ये त्याच्या स्पर्धकाचा पत्ता होता. अभिलेखाच्या पेटीतली प्रत उघडली तर `To:` समोर एकच पुरवठादार दिसतो. खरी गोष्ट सर्व्हरच्या लॉगमध्ये असते:

```
7C1E240A2F: from=<kharedi@company.example>, size=48213, nrcpt=3
```

`nrcpt=3` म्हणजे तीन पत्ते. एक पुरवठादार, एक अभिलेखाची पेटी. मग तिसरा कोण? `7C1E240A2F` हा रांगेतला क्रमांक लॉगमध्ये शोधला की प्रत्येक पत्त्याची `to=<...>` ओळ निघते आणि स्पर्धक सापडतो. मात्र त्यासाठी लॉग हाताशी असावा लागतो. अनेक लिनक्स यंत्रणा मूळ मांडणीत चारच आठवड्यांचे लॉग ठेवतात. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनी भारतात ही मुदत 180 दिवस केली. मेल पाच-आठ वर्षं आणि लॉग सहा महिने, अशी ही विषम जोडी आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 7 तर इलेक्ट्रॉनिक नोंद जपताना ती कुठून निघाली, कुठे गेली आणि केव्हा, हे ओळखता येईल असा तपशीलही जपायला सांगतं.

बीसीसीच्या नियमाची दुसरी खोड दुहेरी प्रतींची. व्हायरस तपासणारा फिल्टर मेल घेऊन पुन्हा पोस्टफिक्सकडे सोपवतो तेव्हा नियम दोनदा लागतो आणि प्रत्येक मेल पेटीत दोनदा पडते. `Message-ID` हा मेलचा ओळखक्रमांक; एकाच क्रमांकाच्या जोड्या दिसल्या की हेच कारण समजावं. दोनपैकी एका टप्प्यावर `receive_override_options=no_address_mappings` लावलं की ते थांबतं. फक्त दोन्ही टप्प्यांवर लावू नका. मग प्रतच निघत नाही, आणि पेटी उघडण्याची वेळ येईपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल-सर्व्हरमध्ये अशी प्रत काढण्याला जर्नलिंग म्हणतात. तेही सुरुवातीला याच दोषाचं होतं. प्रत निघायची, पण बीसीसीतली नावं आणि गटाच्या पत्त्यामागची माणसं तिच्यात नसायची. एक्स्चेंज 2003 च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने लिफाफ्याचं जर्नलिंग आणलं. मूळ मेल जशीच्या तशी जोडपत्र म्हणून, आणि वर एक अहवाल: पाठवणारा, विषय, `Message-ID`, आणि प्रत्यक्षात ज्यांना गेली ते सगळे, अमुक माणूस अमुक गटातून आला या नोंदीसह. जावक नोंदवही पत्रालाच टाचावी तसं. 2007 च्या आवृत्तीपासून हे काम मेल वाहून नेणाऱ्या टप्प्यावरच होऊ लागलं.

क्लाउडवरच्या एक्स्चेंजमध्ये जर्नलची पेटी त्याच सेवेत ठेवता येत नाही. ती बाहेरच लागते. ती बंद पडली तर न पोचलेले अहवाल `JournalingReportNdrTo` मध्ये दिलेल्या पत्त्यावर येतात. तिथे एखाद्या व्यवस्थापकाचा नेहमीचा पत्ता देऊ नये, कारण त्या पेटीच्या स्वतःच्या मेलचं जर्नलिंग होत नाही. नेमक्या साहेबांच्याच मेल अभिलेखातून गायब, असा प्रकार यातूनच होतो.

जागेचा हिशेब सोपा आहे. शंभर माणसं, माणशी रोज साठ मेल, सरासरी 150 किलोबाइट: दिवसाला सुमारे 900 मेगाबाइट, 300 दिवसांचं वर्ष धरलं तर 270 गिगाबाइट, पाच वर्षांत 1.35 टेराबाइट. यात जोडपत्रं मेलमधून जाताना एक तृतीयांशाहून थोडी जास्त फुगतात, हे विसरू नये. डिस्कवरचा 9 एमबीचा पीडीएफ मेलमध्ये 12 एमबीच्या पुढे जातो. तरीही डिस्क आज महाग नाही. महाग पडते ती या साठ्यात नको असताना आलेली माणसांची माहिती.

पगाराच्या तक्रारी, रजेसोबतची वैद्यकीय प्रमाणपत्रं, घरच्यांची पत्रं, सगळं एकाच पेटीत जमतं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सप्टेंबर 2017 मध्ये बर्बुलेस्कू प्रकरणात, मालकाने ज्याचे संदेश वाचले त्या कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. खासगी वापराला बंदी आहे हे त्याला माहीत होतं; देखरेख किती आणि कशी होणार, मजकूर वाचला जाऊ शकतो, हे आधी सांगितलेलं नव्हतं. म्हणजे नेमणूकपत्रातली ‘संगणक खासगी कामासाठी वापरू नये’ ही ओळ, निदान तिकडे तरी, पुरत नाही. आपला 2023 चा वैयक्तिक डेटा कायदा नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी डेटा वापरायला संमतीशिवाय वाव देतो. पण हेतू संपला आणि दुसरा कायदा जपायला सांगत नसेल, तर डेटा पुसायलाही लावतो. म्हणून मेल सर्व्हर चालवणाऱ्याला पेटी वाचायची परवानगी नसावी आणि प्रत्येक शोधाची नोंद राहावी.

पुसता न येणाऱ्या साठवणीची गाठ इथेच पडते. अमेझॉनच्या एस3 या साठवण सेवेत ‘ऑब्जेक्ट लॉक’ हे कुलूप कम्प्लायन्स प्रकारात लावलं की जपण्याची मुदत वाढवता येते, कमी करता येत नाही, मूळ खातेदारालाही नाही. पाचऐवजी पन्नास वर्षं टाकली गेली तर ती मेल पन्नास वर्षं राहणार आणि भाडंही चालू राहणार. म्हणून आधी एक दिवसाची मुदत लावून चार मेल टाकाव्यात आणि दुसऱ्या दिवशी त्या खरंच पुसता येतात ना ते पाहावं.