घट्ट चष्माच जास्त घसरतो, आणि त्यात नाकाचा काही दोष नसतो

आमचं दुकान तालुक्याच्या गावाला आहे, बस स्टँडच्या मागे, आणि बाजाराच्या दिवशी खेड्यावरची माणसं येतात तेव्हा दहातल्या चार जणांचं एकच म्हणणं असतं, "भाऊ, चष्मा लय घसरते, जरासा टाइट करून द्या." आता यातली गंमत अशी की यातल्या बऱ्याच जणांचा चष्मा टाइट आहे म्हणूनच घसरत असतो. हे सांगितलं की लोक माझ्याकडे असे पाहतात की याला काही समजत नाही, चला दुसऱ्या दुकानात.

म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगी आली होती, दहावीत गेलेली, सोबत वडील आणि आजी. नंबर दोन्ही डोळ्यांना उणे ८, चेहरा रुंद, गाल भरलेले, नाकाचा वरचा भाग, म्हणजे दोन डोळ्यांच्या मधली हाडाची उंची, अगदी कमी. वडील म्हणाले नंबर वाढला वाटते, फळ्यावरचं दिसत नाही म्हणते. आजीचं वेगळंच, "लहानपनी इचं नाक ओढाले पायजे होतं, पन इच्या मायनं आयकलंच नाही."

मी काही न करता फक्त चष्मा बोटानं वर सरकवला आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. घडाघडा वाचलं तिनं. म्हणजे नंबर तोच होता, चष्मा जागेवर नव्हता.

आता हे कसं, तर उणे नंबरची काच डोळ्यापासून जितकी पुढे जाते तितकी तिची ताकद कमी पडते. नंबर काढताना काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटरवर आहे असं धरलेलं असतं. पोरीची काच घसरून अजून ८ मिलिमीटर पुढे आली होती. हिशोब असा की नंबरला, १ मध्ये अंतर (मीटरमध्ये) गुणिले नंबर मिळवून भागायचं, म्हणजे ८ भागिले १.०६४, उत्तर आलं साडेसात. अर्धा नंबर गायब! उणे २ वाल्याला एवढ्यानं काही फरक पडत नाही, म्हणून तो आरामात नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून पेपर वाचतो. (हिशोब डोक्यावरून गेला तरी चालेल, पुढचं वाचा, खरी मजा तिथे आहे.)

तर घसरतो का? आंब्याची कोय आठवा. चोखून झालेली ओली कोय दोन बोटांत दाबली की सटकन पुढे उडते, जितकी जोरात दाबाल तितकी जोरात उडते, कारण कोय निमुळती आहे आणि उतारावर दिलेला दाब तिला पुढे ढकलतो. आपलं डोकं वरून पाहिलं तर तसंच आहे. कपाळाच्या कडेला अरुंद, आणि मागे कानाच्या वर जाईपर्यंत रुंद होत जातं. फ्रेम चेहऱ्यापेक्षा अरुंद असली की दोन्ही काड्या कानाच्या आधीच, या वाढत्या उतारावर चिमटा घेतात. आतल्या बाजूनं दाब, आणि त्याचा थोडा भाग पुढे ढकलणारा. वर मे महिन्यातला घाम, म्हणजे घर्षणही गेलं. आणि अशा चष्म्याला तुम्ही अजून टाइट करायला सांगता, म्हणजे कोय अजून जोरात दाबायला सांगता ना बाप्पा!

उंच नाक असलं तर ही ढकल थोडी निभावते. नाकाच्या दोन भिंती उभ्या असल्या की चष्मा पाचरीसारखा त्यांच्यावर अडकतो, २५-३० ग्रॅमच्या वजनानं भिंतींवर वजनापेक्षा जास्त दाब येतो आणि पकड बसते. भिंती पसरट असल्या तर पाचर बसतच नाही, चष्मा नुसता उतारावर ठेवल्यासारखा. मग तो खाली येतो आणि गालावर टेकतो. हसलं की गाल वर, गालासोबत चष्मा वर, पापण्या काचेला लागतात आणि काचेवर तेलकट रेषा उमटते. ती रेषा दिसली की मी काही विचारतच नाही.

पोरीच्या काडीवर आतून लिहिलं होतं ५०, मग छोटा चौकोन, मग १८, मग १३५. लोकांना वाटते १८ म्हणजे नाकाचं माप. तसं नाही, ते दोन काचांमधलं अंतर. ५० काचेची रुंदी, १३५ काडीची लांबी. चेहरा किती रुंद पाहिजे हे यात कुठेच नाही आणि नाकाची उंची तर नाहीच! ५० दोनदा आणि १८, झाले ११८, कडेचे कोपरे धरून फ्रेम १३० च्या आसपास. पोरीचा चेहरा कानशिलाजवळ मोजला तर १४२. ऑनलाइन मागवली होती, फोटोत छान दिसत होती.

सगळ्यात आधी बिजागरीजवळून काड्या बाहेर उघडल्या, कानाच्या वर येईपर्यंत त्वचेला नुसत्या लागतील इतक्या, दाबणार नाहीत. हे आधी करावं लागते, कारण काडी दाबत असली तर नाकाजवळ काय केलं ते टिकतच नाही. मग नोजपॅड. बारीक पक्कडीनं पॅडचा वाकडा हात धरायचा, पॅड नाही, पॅड धरला तर फुटतो. दोन्ही पॅड एकमेकांकडे आणले की फ्रेम वर जाते, लांब केले की खाली येते. पापण्या लागत असल्या तर हात लांब करून काच थोडी पुढे काढायची, पण उणे ८ वाल्याला जास्त पुढे नेलं की वरचा हिशोब आड येतो, म्हणून इथं मिलिमीटरच्या भाषेतच काम. शेवटी काडीचा मागचा वाक, तो कानाच्या माथ्यापासूनच खाली वळला पाहिजे. तिचा बोटभर मागे होता, म्हणजे कानानं धरलंच नव्हतं काही.

मग म्हटलं, "हस पाहू." हसली, आणि फ्रेमची खालची कड गालाला टेकली. काचेचा खालचा भाग आत झुकलेला होता, तो झुकाव थोडा कमी केला.

आजीला समजावलं ते वेगळंच. बाळाचं नाक तेल लावून ओढलं तर चाफेकळी होते हे आमच्या घरीही चालायचं, माझंही ओढलं होतं म्हणे, आणि पाहा काय झालं. लहान पोरांचं नाक वर बसकं असतेच, ते पुढे वयात येताना वाढते, आणि किती वाढणार ते हाड आणि आईबापाकडून आलेली ठेवण ठरवते, आजीचा अंगठा नाही. मोबाइलवर नाक सरळ करायच्या क्लिपा विकतात तोही तोच प्रकार, फक्त प्लास्टिकचा.

तिच्या धाकट्या भावाची फ्रेम पूर्ण प्लास्टिकची, नोजपॅड फ्रेममध्येच ओतलेले. तिथं पक्कडीचं काही चालत नाही. गरम हवेनं काड्या उघडता येतात (घरी मेणबत्तीवर धरू नका, एक जण काडी जळकी घेऊन आला होता), पण नाकाची जागा वाढत नाही. सिलिकॉनचे चिकटवायचे पॅड लावून दिले, घामानं महिनाभरात निघतील हे सांगूनच. बसक्या नाकाच्या माणसानं पहिल्यापासून हलणाऱ्या पॅडची धातूची फ्रेम घ्यावी असं माझं मत, दिसायला जुनाट वाटली तरी. आणि पॅडजवळ हिरवा मळ दिसला तर घाबरू नका, मिश्रधातूतलं तांबं घामानं हिरवं पडते. पॅड बदलून घ्या, स्वस्त असतात.

पोरगी आठवड्यानं परत आली. फळ्याची तक्रार नव्हती, फक्त उजव्या नाकावर एक लाल वण होता, तोही पूर्ण पॅडच्या आकाराचा नाही, खालच्या टोकाला चंद्रकोरीसारखा. म्हणजे पॅडचं खालचं टोकच टेकत होतं, वरचं हवेत होतं. खालचं टोक केसभर बाहेर वळवलं, पाच मिनिटं चष्मा घालून बसायला लावलं आणि काढून परत पाहिलं, या वेळी लाली फिकट आणि सारखी पसरलेली होती.