धर्मादाय संस्थेच्या नोंदणीची पडताळणी

देणगी मागणारी, जमीन भाड्याने देणारी किंवा शाळा-दवाखाना चालवणारी संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, ती नोंद आज कोणत्या अवस्थेत आहे आणि त्या नोंदीमुळे संस्थेला नेमके काय करता येते, हे सरकारी दप्तरातून तपासणे म्हणजे नोंदणीची पडताळणी. लेटरहेडवर ‘शासनमान्य नोंदणीकृत संस्था’ असे छापलेले असते. त्यातल्या ‘शासनमान्य’ या शब्दाला कायद्यात काही अर्थ नाही. नोंदणी म्हणजे दप्तरात नाव लागणे. सरकारने संस्थेचे काम पाहून शाबासकी दिली, असा त्याचा अर्थ होत नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. बहुतेक राज्यांत न्यासाचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवला की पुढे त्याच्यावर लक्ष ठेवणारे वेगळे खाते नसते. महाराष्ट्र आणि गुजरातसारखी राज्ये याला अपवाद आहेत, म्हणून इथे पडताळणीला हाती काही लागते. नोंदणी क्रमांकाचे पहिले अक्षरही बोलके असते. ‘ई’ म्हणजे धर्मनिरपेक्ष स्वरूपाचा न्यास. ‘एफ’ म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आधी संस्था म्हणून नोंदून मग न्यास म्हणूनही नोंदलेले मंडळ. ‘ए’ मालिकेत हिंदू देवस्थाने येतात. अक्षर आणि आकड्यानंतर जिल्ह्याचे नाव असते, आणि ते वाचल्याशिवाय क्रमांकाला अर्थ नाही, कारण तोच आकडा पुण्यातही असतो आणि नाशिकातही. ‘महा/…’ असा सुरू होणारा क्रमांक फक्त संस्था नोंदणीचा असतो. पावतीवर तेवढाच असेल आणि ‘एफ’ क्रमांक नसेल, तर काम अर्धेच झाले आहे, असे धरायला हरकत नाही.

क्रमांक charity.maharashtra.gov.in वर शोधता येतो, पण तिथे नाव सापडणे ही फक्त सुरुवात आहे. खरी माहिती ‘परिशिष्ट एक’च्या उताऱ्यात असते. कार्यालयात आणि वकिलांमध्ये त्याला शेड्यूल वन किंवा पी.टी.आर. उतारा म्हणतात. अर्ज करून आणि नक्कल फी भरून त्याची प्रमाणित प्रत मिळते. सातबारा जसा जमिनीचा, तसा हा उतारा न्यासाचा. न्यासाचे नाव, पत्ता, उद्देश, विश्वस्तांची नावे, नवे विश्वस्त नेमण्याची रीत, जंगम आणि स्थावर मिळकत हे सारे त्यात असते, आणि नंतर झालेले बदलही त्यातच नोंदवलेले असतात. नोंदणीचा दाखला भिंतीवर चौकटीत लावलेला असतो आणि त्याला मुदत नसते. त्यामुळे तो पाहून फक्त संस्थेचा जन्म कळतो. आज ती कोणाच्या हातात आहे, हे उताऱ्यावरूनच कळते.

उतारा वाचताना सगळ्यांत जास्त अडखळायला होते ते विश्वस्तांच्या नावांशी. विश्वस्त बदलला, वारला, निवडणूक झाली, मिळकत घेतली, की कलम २२ नुसार नव्वद दिवसांत बदल अर्ज, म्हणजे बोलीभाषेतला चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. प्रत्यक्षात हे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि दोन गट भांडत असतील तर एकमेकांच्या अर्जांना हरकती घेतल्या जातात. म्हणून उताऱ्यावर वारलेल्या माणसांची नावे दिसली आणि पावतीवर भलत्याच चिटणीसाची सही असली, तर लगेच लबाडी समजू नये. बदल अर्जाचा क्रमांक मागावा. क्रमांक असेल तर बाब प्रलंबित आहे. अर्जच दिलेला नसेल, किंवा तो फेटाळला गेला असेल, तर सही करणारा कोणाच्या वतीने सही करतो आहे, हा प्रश्न उरतोच.

नोंदणीमुळे न्यासाला काय मिळते, याचे सर्वात साधे उत्तर कलम ३१ मध्ये आहे: नोंद न झालेल्या सार्वजनिक न्यासाच्या वतीने हक्क बजावण्याचा दावा न्यायालय ऐकत नाही. म्हणजे नोंदणीने न्यासाला कोर्टात उभे राहता येते. बाकी बहुतेक कलमे सवलती देण्याऐवजी बंधनेच घालतात. त्यातले सर्वाधिक वाद निर्माण करणारे कलम ३६. न्यासाची स्थावर मिळकत विकणे, तिची अदलाबदल करणे, देणगी म्हणून देणे, किंवा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने देणे, हे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध होत नाही. सगळ्या विश्वस्तांनी एकमताने ठराव केला तरीही. न्यासाचे सभागृह पाच वर्षांच्या कराराने घेणाऱ्या व्यावसायिकाला ठराव दाखवला जातो आणि तो तेवढ्यावर विसंबतो. त्याने मागायचा होता तो परवानगीचा आदेश. रुग्णालयांवर बंधन आणखी वेगळे आहे: धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रुग्णाच्या नातेवाइकांनी तपासण्याजोगी नोंदणी खरे तर हीच.

आता पावतीवरचे दुसरे वाक्य: ‘देणगी ८०जी अन्वये करसवलतीस पात्र.’ धर्मादाय नोंदणी आणि ही सवलत यांचा एकमेकांशी आपोआप संबंध नाही. न्यासाच्या स्वतःच्या उत्पन्नाला सूट मिळण्यासाठी आयकर खात्याकडे १२एबीची वेगळी नोंदणी लागते. देणगीदाराला वजावट मिळण्यासाठी ८०जीची वेगळी मंजुरी लागते. पूर्वी या मंजुऱ्या कायमच्या असत, त्यामुळे जुन्या संस्था अजूनही वीस वर्षांपूर्वीचे पत्र पुढे करतात. १ एप्रिल २०२१ पासून त्या मुदतीच्या झाल्या: नव्या संस्थेला तीन वर्षांची तात्पुरती मंजुरी, नंतर साधारणतः पाच वर्षांची. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण पावत्यांवर आणि लोकांच्या बोलण्यात ८०जीच आहे.

मंजुरीच्या आदेशावर एक नोंदणी क्रमांक असतो आणि त्याची सुरुवात संस्थेच्या पॅन क्रमांकाने होते. पावतीवरचा पॅन आणि हा क्रमांक जुळत नसेल तर दुसऱ्याच संस्थेचा आदेश वापरला जात आहे. पॅनचे चौथे अक्षर टी असेल तर न्यास, सी असेल तर कंपनी. पॅन व्यक्तीचा असेल तर तेच अक्षर पी असते, आणि मग पुढे पाहण्याची गरज उरत नाही.

एक उदाहरण घेऊ. वाचनालय चालवणाऱ्या एका न्यासाला कोणी डिसेंबर २०२५ मध्ये २५,००० रुपये देतो. आदेशावर मुदत लिहिली आहे ‘१०-०७-२०२२ ते कर निर्धारण वर्ष २०२५-२६’. देणगीदाराला वाटते की २०२५-२६ चालूच आहे, म्हणजे सवलत मिळणार. पण कर निर्धारण वर्ष हे आर्थिक वर्षाच्या एक वर्ष पुढे असते. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ म्हणजे ३१ मार्च २०२५ ला संपलेले आर्थिक वर्ष. म्हणजे मंजुरी देणगीच्या आठ महिने आधीच संपलेली होती. न्यासाने नियमित मंजुरी घेतली असेल तर तिचा वेगळा आदेश असतो आणि तोच मागावा लागतो. ‘अर्ज केला आहे’ हे उत्तर पुरत नाही. समजा, तो आदेश आहे. तरीही देणगीदाराचा कर २५,००० ने कमी होत नाही. सर्वसाधारण संस्थेला दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम, म्हणजे १२,५०० रुपये, करपात्र उत्पन्नातून वजा होते, तीही समायोजित उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. वीस टक्के दराने कर भरणाऱ्याचे यात उपकर सोडून २,५०० रुपये वाचतात. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर वजावट नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती मुळातच नाही. शिवाय संस्थेने देणग्यांचे विवरणपत्र ३१ मेपर्यंत आयकर खात्याला भरून १०बीई नमुन्यातला दाखला द्यायला हवा. विवरणपत्र भरलेच नाही, तर हातातली सुबक पावती वजावटीच्या कामाची राहत नाही.

ना-नफा कंपनीची गोष्ट वेगळ्या कचेरीतली. ती २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली (१९५६ च्या कायद्यात कलम २५) परवाना घेऊन स्थापन होते. नावात ‘फाउंडेशन’, ‘असोसिएशन’, ‘कौन्सिल’ असे काही असते आणि शेवटी ‘लिमिटेड’ लागत नाही, म्हणून लोक तिला ट्रस्टच समजतात. ओळखायची खूण म्हणजे एकवीस अक्षरांचा कंपनी ओळख क्रमांक, म्हणजे सीआयएन. तो असा दिसतो:

```
U85300MH2018NPL123456
```

इथे MH म्हणजे महाराष्ट्र, 2018 हे स्थापनेचे साल आणि NPL ही ना-नफा कंपनीची खूण. त्या जागी PTC असेल तर समोर साधी खासगी कंपनी आहे, मग नावात फाउंडेशन असो वा सेवा. mca.gov.in वर कंपनीची मूळ माहिती पैसे न भरता पाहता येते. तिथे स्थिती Active आहे की Strike Off, हे पहिल्यांदा पाहावे. त्याखालच्या दोन तारखा, शेवटची वार्षिक सभा आणि शेवटचा ताळेबंद, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. Active लिहिलेले आहे पण ताळेबंद चार वर्षांपूर्वीचा आहे, अशी कंपनी नावापुरती उरलेली असू शकते.

अशा कंपनीला नफा कमावता येतो, पण तो उद्दिष्टांवरच खर्च करावा लागतो. सभासदांना लाभांश देता येत नाही. उद्देशपत्र बदलायला केंद्र सरकारची मंजुरी लागते. मात्र न्यासाच्या कलम ३६ सारखी प्रत्येक जमीन-व्यवहाराला परवानगी लागत नाही; तिथे संचालक मंडळाचा ठराव आणि कंपनीची नियमावली पुरते. म्हणून एकाच मंडळीचा न्यासही असतो आणि कंपनीही, तेव्हा मिळकत कोणाच्या नावावर आहे हे नीट पाहायला हवे. न्यासाची जागा असताना कंपनीचा ठराव दाखवला गेला, तर तो कागद त्या व्यवहाराला निरुपयोगी आहे.

देणगी परदेशातून येत असेल तर वरचे सगळे असूनही ती घेता येत नाही. त्यासाठी २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली गृह मंत्रालयाची पाच वर्षांची स्वतंत्र नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ही रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी जमा व्हावी लागते. ज्यांची नोंदणी चालू आहे, रद्द झाली आहे किंवा मुदत संपून गेली आहे, अशांच्या याद्या fcraonline.nic.in वर आहेत. परदेशातल्या नातलगाला संस्थेने गावच्या शाखेतला खाते क्रमांक पाठवला असेल, तर यादी उघडण्याआधीच उत्तर मिळालेले असते.